चिमटा कळतो, पण पाऊल उचलत नाही: पोलिओ मेरुरज्जूत काय करतो आणि लस त्याला कुठे अडवते

प्रश्न: आमच्या शेजारच्या काकांचा उजवा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक राहिलाय. चिमटा काढला तर त्यांना लगेच कळतो, पण पाऊल उचलता येत नाही, असं कसं? विषाणू पोटात जातो म्हणतात, मग पायाने त्याचं काय घोडं मारलं? दुसरं म्हणजे, माझ्या भाचीला जन्मापासून पोलिओचे थेंब दिलेत, तरी नवव्या महिन्यात दंडावर पोलिओचं इंजेक्शनही दिलं. थेंब पुरे नव्हते का?

उत्तर:

काकांचा पाय आजारी पडलाच नव्हता. पायाचे स्नायू, हाडं, त्वचा यांपैकी कशालाही विषाणू लागला नाही. नुकसान झालं ते पाठीच्या कण्यात, मेरुरज्जूच्या एका लहानशा भागात. पाय बारीक झाला तो त्यानंतर, हुकूम देणारं कुणी उरलं नाही म्हणून.

मेरुरज्जू आडवा कापला तर आत करड्या रंगाचं फुलपाखरू दिसतं. त्याचे मागचे पंख संवेदनांचे: स्पर्श, वेदना, उष्णता यांचा निरोप तिथे येतो. पुढच्या पंखांत, म्हणजे अग्रशृंगात, मोठमोठ्या प्रेरक चेतापेशी असतात. अशा एका पेशीपासून एक लांब तंतू निघतो आणि थेट स्नायूत जाऊन पोहोचतो. पावलाच्या स्नायूंना हुकूम देणारी पेशी कमरेच्या जरा वर, मेरुरज्जूच्या खालच्या फुगीर भागात बसलेली असते आणि तिचा तंतू मोठ्या माणसात जवळपास एक मीटर लांब असतो. स्नायूत शिरल्यावर तो फांद्या फोडतो आणि मांडीसारख्या मोठ्या स्नायूत एकटी पेशी शेकडो स्नायुतंतू चालवते. ती पेशी मेली की ते शेकडो तंतू एकदम पोरके होतात. मेंदूने कितीही हुकूम सोडला तरी स्नायूपर्यंत जाणारा दुसरा रस्ता नाही.

पोलिओचा विषाणू या पुढच्या पंखातल्या पेशी मारतो आणि मागचे पंख बहुतेक सोडून देतो. काकांना चिमटा कळतो तो म्हणूनच.

आता पोटातून तिथवरचा प्रवास. विषाणू पोटात जातो हे तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे. विष्ठेने दूषित झालेलं पाणी किंवा हात यांच्यामार्फत तो तोंडात जातो आणि घशातल्या टॉन्सिलमध्ये व आतड्याच्या भिंतीतल्या लसिका पेशींच्या पुंजक्यांमध्ये वाढतो. त्याला बाहेरून चरबीचं वेष्टन नसतं, म्हणून जठरातलं आम्ल त्याचं फारसं बिघडवत नाही. संसर्ग झालेल्या मुलांपैकी बहुतेकांचं प्रकरण इथेच मिटतं. सुमारे चारांपैकी तिघांना काहीच जाणवत नाही, उरलेल्यांपैकी बहुतेकांना दोन-तीन दिवस ताप, घसादुखी किंवा उलटी होते. पण दरम्यान काही विषाणू आतड्यातून रक्तात उतरलेले असतात आणि ज्या थोड्यांत रक्तातला विषाणू मज्जासंस्थेत शिरतो, त्यांच्यापैकीच काहींचा पाय जातो. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे २०० जणांत एकाला लुळेपणा येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात हे प्रमाण याहून कितीतरी कमी आहे. हा आकडा उलट दिशेनेही वाचावा: वस्तीत एका मुलाचा पाय लुळा पडला, तर त्याच वेळी आसपासची शेकडो मुलं विषाणू बाहेर टाकत असतात आणि कुणाच्याही लक्षात आलेलं नसतं. मुंबईच्या सांडपाण्यात विषाणू शोधायला २००१ मध्ये सुरुवात झाली ती याच हिशेबाने. गटार आजारी मुलाची वाट बघत नाही.

मेरुरज्जूत तो दोन वाटांनी पोहोचतो. एक म्हणजे रक्तातून थेट आत. दुसरी वाट चमत्कारिक आहे. स्नायूत आलेल्या चेतातंतूच्या टोकाला विषाणू चिकटतो आणि तंतूच्या आतून उलटा, मेरुरज्जूच्या दिशेने, वाहून नेला जातो. पेशी स्वतःचा माल ज्या यंत्रणेने तंतूतून नेते-आणते, तीच यंत्रणा हा पाहुणा घेऊन येते. ही दुसरी वाट लक्षात ठेवा, पुढे इंजेक्शनची गोष्ट येईल तेव्हा लागेल.

मग प्रेरक पेशीच का? विषाणूला पेशीत शिरायला सीडी-१५५ नावाचं एक प्रथिन दाराच्या कडीसारखं लागतं आणि ते आपल्या पुष्कळ पेशींवर असतं. म्हणजे नुसत्या कडीने उत्तर मिळत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांतून असं दिसतं, की इतर अवयव विषाणू येताच इंटरफेरॉनचा इशारा देऊन त्याची वाढ दाबून टाकतात. मज्जासंस्थेत हा इशारा तेवढ्या जोराने वाजत नाही. ज्या उंदरांत इंटरफेरॉनची यंत्रणाच बंद केली, त्यांच्यात विषाणू यकृत-प्लीहेतही वाढला. पोलिओला प्रेरक पेशीच ‘आवडते’ असं म्हणण्यापेक्षा, बाकी ठिकाणी त्याला हाकलून लावतात आणि इथे लावत नाहीत, असं म्हणणं सत्याच्या अधिक जवळ आहे.

आत शिरल्यावर मात्र काम झटपट होतं. विषाणूकडे साडेसात हजार अक्षरांचा एक आरएनए असतो, बस्स. तो थेट संदेश म्हणून वाचला जातो. पहिल्या काही प्रथिनांपैकी एक कात्री असते. पेशीच्या स्वतःच्या संदेशांना प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर चढायला एक दुवा लागतो, तो दुवा ही कात्री तोडते. विषाणूच्या आरएनएला त्या दुव्याची पूर्ण गरज नसते, तो आडवाटेने यंत्रावर चढतो. मग पेशीचा स्वतःचा कारखाना बंद आणि विषाणूचा चालू, असं होतं. सहा-आठ तासांत हजारो नवे विषाणू तयार होतात आणि पेशी फुटते. मेलेल्या पेशीचे अवशेष भक्षक पेशी खाऊन टाकतात. प्रेरक पेशींचं विभाजन होत नाही, त्यामुळे गेलेली पेशी पुन्हा येत नाही.

आता ‘लुळा’ या शब्दाकडे वळू, कारण निदानाची निम्मी गोष्ट त्यात आहे. पाय दोन प्रकारे जाऊ शकतो: ताठर होऊन किंवा लुळा पडून. मेंदूला इजा झालेल्या मुलाचा पाय कडक होतो, गुडघ्याखाली हातोडी मारली तर जोरात उडतो. कारण मेरुरज्जूतलं खालचं वर्तुळ शाबूत असतं: स्नायू ताणला, निरोप आत गेला, प्रेरक पेशीने उलट हुकूम दिला, स्नायू आवळला. हे वर्तुळ अष्टौप्रहर हलकेच चालू असतं, म्हणूनच झोपेतसुद्धा आपले स्नायू चिंधीसारखे नसतात. मेंदूचा लगाम सुटला की हे वर्तुळ उलट मोकाट चालतं. पोलिओत मात्र वर्तुळातली प्रेरक पेशीच मरते. निरोप आत येतो, पण उत्तर द्यायला कुणी नाही. स्नायूतला नैसर्गिक ताण जातो, हातोडीला प्रतिसाद मिळत नाही, पाय उचलून सोडला तर धप्पकन पडतो. त्याला लुळेपणा म्हणतात. पुढच्या काही आठवड्यांत हुकुमाविना राहिलेले स्नायू झिजायला लागतात. लहान मुलात त्या पायाची वाढही मागे पडते, म्हणून काकांचा पाय बारीक आहे आणि बहुधा आखूडही असेल.

कुठला स्नायू किती जाईल यातही एक हिशेब आहे. एका स्नायूच्या प्रेरक पेशी मेरुरज्जूत उभ्या स्तंभासारख्या रचलेल्या असतात. विषाणूचे घाव ठिपक्याठिपक्यांनी पडतात. मांडीच्या पुढच्या स्नायूचा स्तंभ लांब आहे, त्यामुळे ठिपक्यांतून त्याच्या काही पेशी वाचतात आणि तो अशक्त होतो. घोट्यापाशी पाऊल वर उचलणाऱ्या नडगीच्या स्नायूचा स्तंभ आखूड आहे. एकच मोठा ठिपका पडला की सगळाच्या सगळा साफ. पोलिओ झालेल्यांत पाऊल खाली लोंबतं हे इतक्या वेळा दिसतं त्याचं कारण हेच आणि काकांची तक्रारही नेमकी तीच आहे. उलट बाजूने पाहिलं तर, एखाद्या स्नायूच्या निम्म्याहून जास्त पेशी जाईपर्यंत तपासणीत अशक्तपणा दिसतच नाही. ‘चांगला’ राहिलेला डावा पायसुद्धा पूर्ण कोरा असेलच असं नाही, ही गोष्ट काकांच्या वयात महत्त्वाची ठरते.

एक नमुना घेऊन पाहू. दीड वर्षाचं मूल, लशीचा एकही डोस नाही. पहिल्या दिवशी विषाणू पोटात गेला असं धरा. आठव्या दिवशी थोडा ताप, एक-दोन उलट्या, आणि दोन दिवसांत मूल पुन्हा खेळायला लागलं. घरचे म्हणाले, दात येत असतील. बाराव्या दिवशी ताप परत चढला. या वेळी मान आखडलेली, पाठ दुखते, पायाला हात लावला तरी रडतं. बसवलं तर दोन्ही हात मागे टेकून, तिपाईसारखं बसतं, कारण पाठ वाकवली की दुखतं. तापासाठी कुणीतरी उजव्या कुल्ल्यात एक इंजेक्शन दिलं. तेराव्या-चौदाव्या दिवशी उजवा पाय हलेना. आणखी दोन दिवस अशक्तपणा वाढत गेला, ताप उतरला आणि ताप उतरल्यावर लुळेपणाही जिथे होता तिथेच थांबला. तपासलं तर उजव्या गुडघ्याला हातोडीचा प्रतिसाद नाही, डाव्या बाजूला कमी आहे. टाचणी टोचली की मूल पाय ओढण्याचा प्रयत्न करून रडतं, म्हणजे संवेदना आहे. लघवी नीट होते.

या नमुन्यात डॉक्टरला पोलिओकडे नेणाऱ्या चार खुणा आहेत. लुळेपणा सुरू होताना ताप होता. तो दोन्ही बाजूंना सारखा नाही. तीन-चार दिवसांत पूर्णत्वाला पोहोचला आणि थांबला. आणि संवेदना शाबूत आहे. गियाँ-बारे नावाच्या आजारात अशक्तपणा दोन्ही पायांत जवळपास सारखा असतो, खालून वर चढत जातो, सुरुवातीला सहसा ताप नसतो आणि मुंग्या-बधिरपणाची तक्रार असते. पाठीतलं पाणी काढलं तर गियाँ-बारेत पेशी जवळपास नसतात आणि प्रथिनं वाढलेली सापडतात, पोलिओत पेशी वाढलेल्या असतात. मेरुरज्जूच्या आडव्या दाहात एका ठरावीक पातळीखाली स्पर्श हरवतो आणि लघवी अडते. चौथी शक्यता म्हणजे कुल्ल्यातल्या सुईने पायाची मोठी नसच दुखावणं. तिथे पाय काही तासांत पडतो, नसेच्या वाटेवर दुखतं आणि बधिरपणाही असतो.

पण लक्षणांवर शिक्कामोर्तब होत नाही, ते शौचाच्या नमुन्यावर होतं. म्हणूनच १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, तर डॉक्टरचा अंदाज काहीही असो, सरकारी यंत्रणेला कळवायचं असतं. कामकाजात याला ‘एएफपी’ म्हणतात. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेतात, प्रत्येकी अंगठ्याच्या पेराएवढा, सुमारे ८ ग्रॅम. दोन अशासाठी, की विषाणू रोज सारखा बाहेर पडत नाही. आणि १४ दिवस अशासाठी, की नंतर त्याचं प्रमाण घटत जातं. नमुने बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत जातात. वाटेत गरम झाले तर विषाणू मरतो आणि ‘सापडला नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. साठ दिवसांनी मुलाची पुन्हा तपासणी होते, लुळेपणा उरला आहे का ते पाहायला.

आता त्या इंजेक्शनबद्दल. इथे ते निव्वळ योगायोगाने आलेलं नाही. शरीरात विषाणू फिरत असताना स्नायूत सुई टोचली, तर त्याच अवयवात लुळेपणा येण्याची शक्यता वाढते. जखमी स्नायूतून चेतातंतूच्या आत विषाणूचं वहन वाढतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. वर सांगितलेली उलटी वाट ती हीच. रोमानियात थेंब घेतल्यानंतरच्या महिन्याभरात प्रतिजैविकांची पुष्कळ इंजेक्शनं मिळालेल्या बाळांत लशीमुळे येणाऱ्या दुर्मीळ लुळेपणाचं प्रमाण वाढलेलं आढळलं होतं. त्यामुळे पोलिओ पसरलेला असताना साध्या तापाला सुई न लावणं हा काही फॅशनचा सल्ला नाही. (आपल्याकडे ‘सुई दिली म्हणजे खरं औषध दिलं’ हा समज अजून गेलेला नाही, हे वेगळं सांगायला नको.)

विषाणू मारणारं औषध नाही. पहिल्या दिवसांत मुलाला निजवून ठेवतात, दुखऱ्या स्नायूंना गरम ओल्या कापडाने शेकतात, पाऊल काटकोनात राहील असा आधार देतात. चोळणं-मालिश आणि व्यायाम दुखणं थांबल्यावर. या दिवसांत डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते श्वास आणि गिळणं. विषाणू मानेच्या भागात चढला तर श्वासपटल जातं, त्याच्याही वर गेला तर घसा. मुलाचा आवाज नाकातून येऊ लागला, लाळ गिळता येईना किंवा एका श्वासात मोजता येणारे आकडे कमी व्हायला लागले, तर कृत्रिम श्वासाची सोय असलेलं रुग्णालय लगेच गाठायचं.

पुढची सुधारणा मुख्यतः सहा महिन्यांत होते, थोडीफार दोन वर्षांपर्यंत. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, मग सुधारणा कशी? दोन कारणांनी. काही पेशी फक्त गलितगात्र झालेल्या असतात, त्या सावरतात. आणि वाचलेल्या पेशी आपल्या तंतूंना नवे फाटे फोडून शेजारचे पोरके स्नायुतंतू दत्तक घेतात. एका पेशीचा संसार त्यामुळे पूर्वीच्या कित्येक पट होऊ शकतो. हीच गोष्ट पुढे अंगाशी येते. वीस-तीस-चाळीस वर्षं हा ओव्हरटाइम केल्यावर त्या पेशींना एवढे फाटे पोसता येत नाहीत, आणि उतारवयात नवा अशक्तपणा, थकवा, सांधेदुखी सुरू होते. विषाणू परत आलेला नसतो. काकांना अलीकडे जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दमायला होत असेल, किंवा ‘चांगल्या’ पायातही जोर कमी वाटत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि दमेपर्यंत जास्तीत जास्त व्यायाम करा, हा सर्वसाधारण सल्ला त्यांच्यासाठी चुकीचा आहे. थोडा, मध्ये थांबत केलेला व्यायाम बरा.

आता लस. वरचा प्रवास पुन्हा डोळ्यांसमोर आणा: तोंड, आतडं, रक्त, मेरुरज्जू. पूर्वी बराच काळ डॉक्टरांना वाटायचं, की विषाणू नाकातून थेट चेतामार्गाने वर जातो. तसं असतं तर रक्तातल्या प्रतिपिंडांचा उपयोगच झाला नसता. १९५२ मध्ये डोरोथी हॉर्स्टमन आणि डेव्हिड बोडियन यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की लुळेपणा येण्याच्या कितीतरी दिवस आधी विषाणू रक्तात असतो. त्याच सुमारास विल्यम हॅमन यांनी अमेरिकेत हजारो मुलांना दुसऱ्यांच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं टोचून पाहिली. काही आठवडे का होईना, लुळेपणापासून संरक्षण मिळालं. म्हणजे रक्तात थोडीशी प्रतिपिंडं असली तरी पुरतात: विषाणूच्या पृष्ठभागाला चिकटून ती सीडी-१५५ च्या कडीत त्याला बसू देत नाहीत. मेरुरज्जूला हात लावायच्या आधीच त्याला गाठता येतं. जोनास सॉल्क यांच्या मृत विषाणूच्या इंजेक्शनमागे हाच विचार होता आणि १८ लाखांहून अधिक मुलांच्या चाचणीनंतर १२ एप्रिल १९५५ रोजी ती लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं.

या इंजेक्शनची मर्यादाही त्याच प्रवासात आहे. ते रक्ताच्या वेशीवर पहारा बसवतं, आतड्यात फारसा नाही. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण इस्रायलचं. तिथे २००५ पासून फक्त इंजेक्शन दिलं जात होतं आणि बहुतेक सगळ्या मुलांना मिळत होतं. २०१३ मध्ये दक्षिणेकडच्या सांडपाण्यात मूळ पहिल्या प्रकारचा विषाणू सापडला आणि महिनोन् महिने सापडत राहिला. म्हणजे मुलांच्या आतड्यांतून तो खुशाल फिरत होता. पण एकाही मुलाचा पाय गेला नाही. पाय वाचला, साखळी तुटली नाही. ती तोडायला शेवटी मुलांना थेंब पाजावे लागले.

थेंबांतला जिवंत पण दुबळा केलेला विषाणू आतड्यातच वाढतो आणि तिथल्या आवरणावर प्रतिपिंडांचा पहारा बसवतो. खरा विषाणू नंतर आला तर त्याला वाढायला जागा मिळत नाही, पुढच्या मुलाकडे जात नाही. शिवाय रक्तातली प्रतिपिंडंही बनतात. मग आपल्याकडे पल्स पोलिओच्या इतक्या फेऱ्या का लागल्या? कारण दुबळ्या विषाणूला आतड्यात रुजावं लागतं आणि जिथे मुलांना सतत जुलाब असतात, आतड्यात इतर विषाणूंची गर्दी असते, तिथे तो रुजतच नाही. उत्तर प्रदेशात तिन्ही प्रकारांच्या एकत्र थेंबांचा एक डोस पहिल्या प्रकाराविरुद्ध जेमतेम ९ टक्के परिणामकारक ठरला होता. म्हणून तिथे ‘मुलाला दहा वेळा पाजलंय’ हे ऐकूनही पुन्हा पाजावं लागायचं. त्यातच दुसऱ्या प्रकारचा दुबळा विषाणू सर्वांत सहज रुजतो आणि बाकी दोघांना दाबतो. तो वगळून, पहिल्या आणि तिसऱ्याचे दुहेरी थेंब जानेवारी २०१० मध्ये आले. मूळ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला.

तुमच्या भाचीचं उत्तर या ‘वगळण्यात’ आहे. मूळ दुसरा प्रकार जगात शेवटचा दिसला तो १९९९ मध्ये, अलिगढला. तो गेल्यावरही थेंबांतला दुसरा प्रकार आपण पाजत राहिलो आणि त्याची एक खोड आहे. दुबळेपणा आणणारे बदल त्याच्या आरएनएत मोजकेच आहेत. लस न घेतलेल्या मुलांमधून तो महिनोन् महिने फिरत राहिला, तर ते बदल पुसले जातात आणि तो पुन्हा पाय पाडायला शिकतो. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर तो थेंबांतून काढून टाकला. आपल्याकडे हा बदल २५ एप्रिलला झाला. याचा सरळ अर्थ असा, की भाचीने कितीही वेळा थेंब घेतले असले तरी दुसऱ्या प्रकाराविरुद्ध त्यांतून तिला काहीच मिळालेलं नाही. नियमित वेळापत्रकात ते संरक्षण फक्त इंजेक्शनमधून येतं. आणि धोका कागदावरचा नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड परगण्यात लस न घेतलेला एक तरुण आणि २०२४ मध्ये गाझात दहा महिन्यांचं बाळ लुळं पडलं, ते दोन्ही याच फिरून पुन्हा आक्रमक झालेल्या दुसऱ्या प्रकाराने.

सरकारी वेळापत्रकात थेंब जन्मल्यावर लगेच, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना आणि पुढे १६ ते २४ महिन्यांत, प्रत्येक वेळी दोन थेंब. इंजेक्शन ६ आणि १४ आठवड्यांना उजव्या दंडावर, आणि जानेवारी २०२३ पासून तिसरं नवव्या महिन्यानंतर डाव्या दंडावर. हे इंजेक्शन म्हणजे पूर्ण मात्रेचा पाचवा हिस्सा, ०.१ मिली, आणि ते स्नायूत नाही तर त्वचेच्याच थरात देतात. तिथे प्रतिकारक पेशींची दाटी असल्याने कमी मात्रा भागते. अशा दोन छोट्या मात्रा स्नायूतल्या एका पूर्ण मात्रेपेक्षा चांगला प्रतिसाद देतात. खासगी दवाखान्यात ०.५ मिलीची पूर्ण मात्रा स्नायूत देतात, बहुधा एकत्रित लशीतून. नववा महिना निवडण्यामागे दोन गोष्टी आहेत: आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर ओसरलेली असतात, ती लशीला झाकत नाहीत. आणि आधीच्या डोसापासून चांगलं अंतर पडल्यावर मिळालेल्या मात्रेला शरीर जोमाने उत्तर देतं.

बिघडतं ते सहसा सुईच्या कोनात. सुई त्वचेला जवळपास समांतर गेली आणि लस नेमकी थरात पडली, तर तिथे संत्र्याच्या सालीसारखा खाचखळग्यांचा पांढुरका फुगवटा लगेच उठतो, बीसीजीला उठतो तसाच. फुगवटा उठला नाही तर लस खाली चरबीत गेली आणि पाचवा हिस्सा तिथे फार दुबळा पडतो. लस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात, गोठलेली वापरत नाहीत. थेंबांचं उलटं: ते गोठले तर चालतं, उष्णता चालत नाही. थेंबांच्या कुपीवर एक गोल असतो आणि आत एक चौकोन. चौकोन भोवतालच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्ही एकसारखे गडद झाले, किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती कुपी बाजूला ठेवायची. भाचीच्या कार्डावर तीन इंजेक्शनांच्या तारखा आहेत का ते पाहा. २०२३ च्या आसपास जन्मलेल्या मुलांत तिसरी जागा रिकामी सापडते, कारण आधीच्या छापील कार्डावर ती नव्हतीच.